शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला माझं नाश्त्याचं छोटं दुकान आहे. पोहे, उप्पीट, साबुदाणा खिचडी, बटाटेवडा, मिसळ, शिवाय घरी केलेल्या भडंगाची पाकिटं. परवा एका बाईंनी विचारलं, "मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, इथलं काय चालेल?" मी म्हटलं, "पोह्यातले दाणे काढून देते की." त्या काही न घेताच गेल्या. माझं काय चुकलं? गिऱ्हाईक न तोडता खरं कसं सांगायचं?

उत्तर:

ताई, त्या बाई गेल्या ते बरोबर केलं. दाणे वेचून काढलेले पोहे म्हणजे शेंगदाण्याचेच पोहे, फक्त दाणे दिसत नाहीत एवढंच. ज्या तेलात दाणे तळले त्याच तेलात फोडणी झाली, त्याच कढईत पोहे परतले, दाण्याची सालं आणि चुरा पोह्यांना चिकटला. एका शेंगदाण्याचं वजन साधारण अर्धा ग्रॅम धरा, त्यातला पाव भाग प्रथिन. ॲलर्जी येते ती या प्रथिनाची, आणि काही जणांना त्याचे एक-दोन मिलिग्रॅमही पुरतात. म्हणजे एका दाण्याचा शंभरावा भाग. एवढं डोळ्यांनी वेचून काढता येत नाही. भाजल्यानं किंवा तळल्यानं ते प्रथिन मरतं असंही नाही. उलट खरपूस भाजलेला दाणा काही बाबतींत जास्तच त्रास देतो.

तुमच्या दुकानात आज शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला द्यावा असा एकही गरम पदार्थ बहुतेक नाही. हे ऐकायला कडू वाटेल. मी साताऱ्यात बरीच वर्षं केटरिंग करतो आणि माझ्या नेहमीच्या भटारखान्याबद्दलही मी हेच सांगेन. आपल्या भागातल्या स्वयंपाकघरात शेंगदाणा कुठं नाही हे शोधायला लागतं. तेव्हा आधी तुमच्या दुकानात तो कुठून कुठं फिरतो ते पाहू. एकदा ती वाट कळली की गिऱ्हाइकाला काय बोलायचं ते आपोआप सुचतं.

सुरुवात तेलापासून करा. घाण्याचं शेंगतेल वापरत असाल तर चर्चाच संपली, कारण त्या तेलात दाण्याचं प्रथिन थोडं का होईना उतरलेलं असतं. तळाशी बसणारा गाळ तर सरळ दाण्याचाच. कारखान्यात पूर्ण रिफाइंड केलेल्या शेंगतेलात ते जवळपास उरत नाही, आणि अनेक रुग्णांना ते सोसतं. पण कुणाला सोसेल हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, "आमचं तेल घाण्याचं आहे," किंवा "सूर्यफुलाचं आहे, अमुक पिशवीतलं." तेल सुटं घेत असाल, म्हणजे दुकानदार डब्यातून मापानं ओतून देत असेल, तर ते कशाचं आहे हे तुम्हाला खात्रीनं ठाऊक नाही. मग तसंच सांगायचं.

नुसती फोडणी नव्हे, तळणीचं तेलही पाहा. संकष्टीला किंवा एकादशीला साबुदाणा वडे तळता का? त्यात कूट असतं. ते तेल गाळून संध्याकाळी बटाटेवड्याला वापरलं की बटाटेवड्यात शेंगदाणा आला. गाळणीत चुरा अडकतो, प्रथिन अडकत नाही. म्हणून "बटाटेवड्यात दाणे नाहीत" हे वाक्य मंगळवारी खरं आणि बुधवारी खोटं ठरू शकतं. असले वारावर बदलणारे पदार्थ सगळ्यात फसवे.

तिसरी जागा मिक्सरचं भांडं. सकाळी शेंगदाण्याची चटणी वाटली, भांडं धुतलं, त्यात वड्याबरोबरची हिरवी चटणी वाटली. पात्याखाली रबराची जी चकती असते ती एकदा काढून पाहा. चटणीचा तांबूस लगदा तिथं दिसला नाही तर मला आश्चर्य वाटेल. तीच गोष्ट लाकडी उलथन्याच्या भेगांची, तेल पिऊन काळ्या झालेल्या लोखंडी कढईची आणि ओटा पुसायच्या फडक्याची. फडकं तर सगळ्यात वाईट. एका कोपऱ्यातलं कूट ते सगळ्या ओट्यावर सारखं वाटून देतं.

मिसळीत फरसाण तुम्ही बाहेरून आणत असणार. फरसाणवाला शेंगदाण्याला बेसन लावून तळतो, आणि त्याच कढईत शेव, पापडीही तळतो. तुम्ही दाणे नसलेलं फरसाण मागितलंत तरी कढई तीच. कटाचा मसाला डंकावर कुटून आणत असाल तर तुमच्या आधी त्या डंकात कुणी काय कुटलं हे तुम्हाला माहीत नसतं. बऱ्याच डंकांवर मसाल्याबरोबर तीळ, कारळं आणि शेंगदाण्याची चटणीही कुटून मिळते.

आणि भडंग. पाकिटं भरायची जागा, वजनकाटा, चिरमुरे परतायचं मोठं पातेलं, सगळीकडे दाणे आहेत. "बिनदाण्याचं भडंग करून देते" असं म्हणायचा मोह होईल. स्वतंत्र भांडी आणि स्वतंत्र जागा असल्याशिवाय म्हणू नका.

आता बोलायचं कसं ते. आपल्याकडे एक घोटाळा नेहमी होतो. गिऱ्हाईक विचारतं, "यात शेंगदाणे आहेत का?" पोऱ्या भाजीत डोकावतो, अख्खे दाणे दिसत नाहीत, आणि म्हणतो, "नाही, दाणे नाहीत." वांग्याच्या रश्शात मूठभर कूट आहे, पण त्याच्या मनात कूट म्हणजे दाणे नव्हेतच. ते मिठासारखं, प्रत्येक भाजीत पडणारं. तो खोटं बोलत नसतो, त्याला प्रश्नच वेगळा ऐकू येतो. तेव्हा दुकानात सगळ्यांना सांगून ठेवा की शेंगदाण्याचा प्रश्न आला की स्वतःशी चार गोष्टी विचारायच्या: अख्खा दाणा आहे का, कूट आहे का, शेंगतेल आहे का, आणि दाण्याचा हात किंवा भांडं लागलंय का. चौथ्याचं उत्तर तुमच्या दुकानात आज नेहमीच "हो" आहे.

त्या बाईंशी झालेलं बोलणं पुन्हा झालं असतं तर ते कसं व्हायला हवं होतं ते लिहितो.

त्या विचारतात, "मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. काय चालेल?"

तुम्ही: "बरं झालं विचारलंत. त्याला दाण्याचा हात लागलेलं, त्याच कढईत केलेलं चालतं का, की तेवढ्यानंही त्रास होतो?"

हा प्रश्न कुतूहलाचा नाही. तुम्हाला उत्तर किती बारकाईनं द्यायचंय ते यावरून कळतं. काही जण म्हणतील, "नाही हो, त्याला दाणे आवडत नाहीत म्हणून ॲलर्जी म्हणते." म्हणू देत. आवडनिवड असली तरी तुमचं उत्तर तेच राहील, फक्त निर्णय त्यांना सोपा जाईल. खरी ॲलर्जी आहे की नाही याची परीक्षा मात्र घेऊ नका. "एवढ्याशानं काय होतंय?", "आमच्या लहानपणी नव्हतं हे असलं," ही वाक्यं दुकानात नकोतच.

त्या म्हणतात, "नाही, भांडं लागलेलंही नको. मागं एकदा दवाखान्यात न्यावं लागलं."

तुम्ही: "मग आमचं गरम काही देऊ नका त्याला. पोहे, खिचडी, मिसळ यांत दाणे किंवा कूट आहे. उप्पीट आणि वड्यात आम्ही घालत नाही, पण कढई आणि तेल तेच आहे, त्यामुळं मी खात्री देऊ शकत नाही. केळी आहेत. हा बिस्किटाचा पुडा बंद आहे, मागचं तुम्हीच वाचून बघा. तुम्हाला आणि साहेबांना काय देऊ?"

यात तीन गोष्टी नीट वेगळ्या झाल्या. काय नक्की आहे ते सांगितलं. काय घातलेलं नाही, पण लागलेलं असू शकतं, तेही सांगितलं. आणि कशाची खात्री नाही ते लपवलं नाही. "चालेल" किंवा "काही होत नाही" हे शब्द कुठंच आले नाहीत. ते शब्द तुमचे नाहीतच. मुलाला काय चालेल हे त्याची आई ठरवते. तुम्ही तिला ठरवण्यापुरती खरी माहिती देता. बिस्किटाचा पुडाही "हा घ्या, यात नाही" म्हणून देऊ नका. हातात द्या आणि त्यांनाच वाचू द्या, कारण कंपनी घटक बदलते आणि आपण मागच्या महिन्याचंच लक्षात ठेवून बोलतो.

उत्साहाच्या भरात दिलेला पर्याय हाही एक धोका. "दाणे नको ना, मग काजू घालते," असं आपण मोठ्या मनानं म्हणतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना काजू, बदाम, अक्रोडही सोसत नाहीत. शिवाय दुकानात काजूचे तुकडे आणि दाणे एकाच मापानं काढले जातात. स्वस्त मिठाईवरचे हिरवे काप तर पिस्त्याचे असतीलच असं नाही, रंगवलेले शेंगदाणे पिस्ता म्हणून खपवले जातात. गिऱ्हाइकानं मागितल्याशिवाय बदल सुचवू नका.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. समजा त्या बाई पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "दर रविवारी आम्ही इथं येतो, मुलगा नुसता बसून राहतो. एक पदार्थ तरी होईल का?" होईल, पण तो पदार्थ, ती वेळ आणि ती भांडी आधीच ठरलेली हवीत. ऐन गर्दीत, नऊ वाजता, मागून आलेल्या ऑर्डरीत ते करता येत नाही. मी एका घरच्या बारशाला असं केलं होतं, यजमानांच्या भाच्यासाठी. पोह्यांचंच उदाहरण घेतो.

आदल्या दिवशी सामान. पोहे सुटे आणायचे नाहीत. किराणा दुकानात पोहे, साबुदाणा, शेंगदाणे यांची पोती शेजारी शेजारी उघडी असतात आणि एकच माप तिन्हीत फिरतं. बंद पाकीट घ्यायचं, त्यावर शेंगदाण्याचा उल्लेख नाही ना ते वाचायचं. सूर्यफूल तेलाची नवी पिशवी, तीही बंद. मोहरी, जिरं, हळद, मीठ तुमच्या रोजच्या मिसळणाच्या डब्यातून घ्यायचं नाही. त्या डब्यात फोडणी देताना दाण्याचे हात शंभरदा गेलेले असतात. छोट्या डब्या वेगळ्या करा, झाकणावर मोठ्या अक्षरात लिहा आणि वरच्या फळीवर ठेवा. वर ठेवायचं कारण असं की खाली ठेवलेल्या डब्यावर वरून कूट सांडतं, वर ठेवलेल्यावर सांडत नाही.

भांडी: एक स्टीलची छोटी कढई, एक स्टीलचं उलथनं, एक चाळणी, एक सुरी, एक ताटली. सगळं नवं, आणि कायम फक्त याच कामाला. हजार-बाराशे रुपयांच्या आत होतं. चाळणी विसरू नका. पोहे भिजवायची रोजची चाळणी धुतली तरी भोकांत काहीतरी राहतंच.

वेळ: सकाळी दुकान उघडायच्या आधी, पहिला पदार्थ म्हणून. दाणे भाजणं, कूट करणं, भडंग हलवणं यातलं काहीही सुरू होण्याआधी. कूट करताना मिक्सर उघडला की जी बारीक भुकटी उडते ती सगळ्या ओट्यावर बसते. ओटा साबणाच्या पाण्यानं धुऊन कागदानं पुसायचा, फडक्यानं नाही. हात साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचे. हे आवर्जून लिहितो, कारण करोनानंतर प्रत्येक दुकानात सॅनिटायझरची बाटली आली आणि लोकांना वाटतं की ते चोळलं की हात स्वच्छ. सॅनिटायझर जंतू मारतं, शेंगदाण्याचं प्रथिन हातावरून काढत नाही. नुसत्या पाण्यानंही ते नीट जात नाही. साबणच लागतो.

पोहे झाले की लगेच झाकण, ताटलीवर चिकटपट्टी, त्यावर मुलाचं नाव. तुम्ही स्वतः नेऊन द्यायचे, आणि देताना एकदा म्हणायचं, "दाण्याशिवायचे, वेगळ्या कढईतले." सवयीनं वरून शेव भुरभुरायची नाही. बारशाला नेमकं तेच होता होता राहिलं. वाढप्यानं कौतुकानं वर शेव घातली, आणि ती फरसाणवाल्याची होती. ताटली टेबलापर्यंत गेली नव्हती म्हणून थांबवता आली. तेव्हापासून माझ्याकडे अशी ताटली वाढप्यांच्या हातात जातच नाही.

शेव पडली, दाणा पडला, चुकीचा चमचा बुडाला, तर काढून टाकून तीच ताटली पुढं न्यायची नाही. नवीन करायची. आणि नवी ताटली तयार होईपर्यंत जुनी बाजूला झाकून ठेवायची, टाकायची नाही. असं का? परत पाठवलेली ताटली डोळ्यांसमोर असली की "तीच थोडी साफ करून दिली" असं कुणाला करता येत नाही. खाणाऱ्याच्या घरच्यांनाही विश्वास बसतो की दुसरी खरंच दुसरी आहे.

एवढं करूनही तुम्ही काय म्हणू शकता? "यात शेंगदाणा नाही, वेगळ्या सामानात आणि वेगळ्या भांड्यांत केलंय. पण या स्वयंपाकघरात शेंगदाणे वापरले जातात." शेवटचं वाक्य गाळायचं नाही. कण अन् कण नाही असं तुम्ही म्हणू शकत नाही, मीही नाही. प्रयोगशाळेत तपासून घेतलं तरी तो निकाल त्या एका नमुन्याचा, पुढच्या रविवारच्या कढईचा नाही. एखादी आई हे ऐकून "मग नको" म्हणेल. म्हणू देत.

भडंगाच्या पाकिटांबद्दल. तोंडी उत्तरापेक्षा इथं जबाबदारी जास्त, कारण पाकीट घेऊन माणूस पुण्याला जातो आणि उघडतो तेव्हा विचारायला तुम्ही समोर नसता. एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर घटकांची यादी तर हवीच, शिवाय ॲलर्जी देणारे घटक वेगळे ठळकपणे सांगायचे असतात. त्या यादीत आठ गट आहेत: ग्लूटेन असलेली धान्यं (गहू, जव वगैरे), कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखा सुका मेवा, सोयाबीन, आणि दर किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट. तुमच्या भडंगावर "शेंगदाणे आहेत" हे स्वतंत्र ओळीत यायला हवं. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत लागतं, त्याच्या जोडीला मराठीतही लिहा, कारण वाचणारे तुमचे मराठी आहेत. बिनदाण्याचा पोह्याचा चिवडा त्याच पातेल्यात करत असाल तर त्यावर "शेंगदाण्याचा अंश असू शकतो" असं लिहायचं. पण हे वाक्य आहे म्हणून सगळ्या पाकिटांवर सरसकट चिकटवून मोकळं होऊ नका. शक्यता खरी असेल तिथंच लिहा, नाहीतर वाचणारे ते वाक्य वाचायचंच सोडून देतात.

फळ्यावरच्या मेनूबद्दल नियम वेगळा आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखांच्या हॉटेलांना ॲलर्जीची माहिती द्यावी लागते, तुमच्यासारख्या एका दुकानाला तशी सक्ती नाही. सक्ती नाही म्हणून विचारल्यावर काहीही सांगावं असं मात्र नाही.

शेंगदाण्यावर एवढं लिहिलं, कारण आपल्याकडे तोच सगळ्यात जास्त लपतो. बाकीच्यांतल्या दोन-तीन लपण्याच्या जागा सांगून ठेवतो. बाजारातल्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, त्यामुळं गहू चालत नसलेल्याला तुमची फोडणीची डाळही चालत नाही. डबीवरचे घटक वाचा, तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो. बेसन किंवा तांदळाचं पीठ गिरणीतून दळून आणलं तर आधीच्या गव्हाचं थोडं त्यात येतंच. तासगावच्या पिवळ्याधमक बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते. दम्याच्या काही रुग्णांना त्या सल्फाइटनं त्रास होतो, तेव्हा शिऱ्यात बेदाणे घातले असतील तर विचारल्यावर सांगा. आणि "दूध चालत नाही" म्हणणाऱ्याला ॲलर्जी आहे की दूध पचत नाही हे विचारून घ्या. पचत नसेल तर थोडं ताक कदाचित चालतं, ॲलर्जी असेल तर शिऱ्यातलं चमचाभर तूपही सांगावं लागतं. तीळ आणि मोहरी त्या आठांच्या यादीत नाहीत, पण त्यांची ॲलर्जी असणारी माणसं आहेत. यादीत नाही म्हणून "त्याची कुठं ॲलर्जी असते होय?" असं म्हणू नका.

एवढी काळजी घेऊनही एखाद्याला त्रास झालाच तर? खाल्ल्यावर काही मिनिटांपासून साधारण दोन तासांच्या आत अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी दिसते. आवाज बसला, खोकला थांबेना, श्वासाला घरघर लागली, चक्कर आली, मूल एकदम गळून गेलं, तर ते जिवावरचं असतं. घरच्यांकडे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन असेल तर त्यांना ते तिथंच, मांडीत, लगेच देऊ द्या. "आधी गोळी देऊन बघू" म्हणून थांबायचं नाही. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, श्वास उघडत नाही. 108 ला फोन करा आणि "खाण्याच्या ॲलर्जीनं श्वास अडकलाय" असं स्पष्ट सांगा. माणसाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा, श्वास लागत असेल तर टेकून बसवा, पण उठवून चालवू नका. आपल्याकडे लगेच दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून न्यायची घाई होते, ती अशा वेळी घातक ठरते. गाडी येत नसेल तर रिक्षात किंवा चारचाकीत आडवं करून न्या. विश्रामबागहून सांगलीचं सिव्हिल आणि मिरज दोन्हीकडे जाता येतं, जे लवकर गाठता येईल तिकडे. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो. आणि काय खाल्लं, त्यात काय होतं, ते डॉक्टरांना खरं सांगा. उरलेला पदार्थ फेकून देऊ नका, झाकून ठेवा. आपल्यावर येईल या भीतीनं "त्यात काही नव्हतं" म्हणणं म्हणजे डॉक्टरांची दिशाभूल करणं.

कागदाचं काम थोडंच आहे. एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पदार्थाला एक पान: काय काय पडतं, कोणत्या तेलात, कोणत्या भांड्यात, बाहेरून आणलेलं काय आणि कुणाकडून. फरसाणवाला बदलला, तेल बदललं, की त्याच दिवशी खोडून नवं लिहा आणि तारीख टाका. फरसाणवाल्याला "दाणे आहेत का" एवढंच न विचारता "तळण कशाच्या तेलात, त्याच तेलात दाणे तळता का" असं विचारा आणि त्याचं उत्तर वहीत उतरवा. उत्तर देताना वही उघडून दाखवली तरी हरकत नाही. गिऱ्हाईक नाराज होत नाही, उलट त्याला पटतं.

राहिला प्रश्न तुम्ही दुकानात नसतानाचा. ॲलर्जीचं उत्तर फक्त तुम्ही आणि मुख्य आचारी, एवढ्या दोघांनीच द्यायचं. बाकी पोरांना एकच वाक्य पाठ करून द्या: "थांबा, मी विचारून सांगतो." मग तुम्हाला फोन. फोन लागला नाही आणि आचारीही नसेल, तर सांगायचं, "आत्ता सांगणारं कुणी नाही, त्यामुळं त्याला इथलं काही देऊ नका." पोरांना हे बोलायला जड जातं. त्यांना वाटतं, मालकीण ओरडेल, गिऱ्हाईक गेलं म्हणून. तेव्हा आधीच सांगून ठेवा की यासाठी गेलेल्या गिऱ्हाइकाबद्दल तुम्ही ओरडणार नाही.